सेल्फीवरून कार्टून अवतार: पैठणीचा पदर, नथ आणि चेहरा जागच्या जागी कसे बसवावेत

नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या प्रोफाइलवर हल्ली साडी-नथीतले, फेट्यातले कार्टून अवतार खूप दिसतात. त्यातल्या बऱ्याच चित्रांत त्याच तीन चुका असतात. पदर उजव्या खांद्यावर आलेला असतो, चेहरा ओळखू येत नाही, किंवा फोनच्या छोट्या गोलात काठाचा नुसता पिवळा डाग उरतो. या चुका चित्र काढताना झाल्यासारख्या वाटतात, पण बहुतेकदा त्या आधीच, फोटो घेताना आणि पोशाख ठरवताना झालेल्या असतात. म्हणून या लेखात तयारीवर जास्त भर आहे.

उदाहरण एकच घेऊ: बाटली-हिरवी पैठणी, मरून ब्लाउज, मोत्यांची नथ आणि चंद्रकोर टिकली, तेही स्वतःच्या सेल्फीवरून, व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलसाठी. काम फोनवरच, आयबिसपेंट एक्स या चित्रकलेच्या ॲपमध्ये करू. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट मिळते, फक्त मधे जाहिराती येतात. थर, पारदर्शकता आणि क्लिपिंगची सोय असलेले दुसरे कुठलेही ॲप चालेल. हात चित्रकाराचा नसला तरी अडत नाही, कारण आपण फोटोवरून गिरवणार आहोत.

## 1. पोशाख आधी ठरवा, तोही छातीपर्यंतचाच

प्रोफाइलच्या गोलात डोके, मान, खांदे आणि छातीचा वरचा भाग एवढेच दिसते. त्यामुळे नऊवारीचा कासोटा, साडीच्या खालच्या निऱ्या किंवा धोतर यांचा इथे काही उपयोग नाही. छातीच्या वर नऊवारी आणि सहावारी जवळपास सारख्याच दिसतात. तुमचा पोशाख ओळखू यायला हवा तो पदर, काठ, ब्लाउजचा गळा, नथ आणि टिकली एवढ्यावरूनच. पुरुषांच्या बाबतीत हे काम फेटा, उपरणे आणि कुडत्याचा गळा करतात. कोणताही पोशाख निवडताना विचारा: कमरेखालचे सगळे झाकले तर हा ओळखू येईल का?

रंगाचा निर्णयही याच टप्प्यावर घ्या. गव्हाळ किंवा सावळ्या कांतीवर मोहरी रंगाची साडी प्रत्यक्षात सुंदर दिसते, पण छोट्या चित्रात मान आणि पदर एकमेकांत मिसळतात. हिरवी, जांभळी किंवा गडद निळी साडी कातडीपासून स्पष्ट वेगळी राहते आणि त्यावर जरीचा पिवळा काठही उठून दिसतो. आपण बाटली-हिरवी निवडली ती याचसाठी. मोहरी रंगाचीच साडी हवी असेल तर मान आणि पदर यांच्यामध्ये ब्लाउजचा गडद पट्टा दिसेल असा गळा काढा.

## 2. फोटो घ्या

हात लांब करून घेतलेली सेल्फी गिरवायला वाईट असते. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ असला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरेच जवळ असते. फोन साधारण एक फुटावर धरला तर पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसू शकते. फोटोत हे खपून जाते. रेषांच्या चित्रात मात्र तेच नाक सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते. म्हणून फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, टायमर लावा, पाच-सहा पावले मागे जा आणि नंतर फोटो कापून घ्या.

कॅमेऱ्याची उंची डोळ्यांइतकी हवी. उजेड खिडकीतून एका बाजूने यावा, म्हणजे सावली कुठे पडते ते नंतर कळते. ब्यूटी मोड बंद करा. तो जबड्याची कड बदलतो आणि कातडी उजळ करतो, आणि तुमचे साम्य नेमके याच दोन गोष्टींत असते.

कपडे कोणतेही असले तरी चालतील, पण बंद गळ्याचा टी-शर्ट नको. तो मानेचा खालचा भाग झाकतो आणि मग ब्लाउजचा गळा अंदाजाने काढावा लागतो. रुंद गळ्याचे काहीतरी घाला आणि डाव्या खांद्यावर एखादी ओढणी पदरासारखी चुण्या घालून टाका. ओढणीचा रंग काहीही असो, चुण्या खांद्यावरून कशा वळतात हे त्यावरून खरेखुरे गिरवता येते. पैठणी घरात असेल तर तिच्या काठाचा एक वेगळा फोटो सरळ वरून घेऊन ठेवा.

थांबा: फोटो उलटा आहे का? पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो काही फोन आरशासारखा उलटा साठवतात. आयफोनमध्ये ही सोय `Mirror Front Camera` या नावाने असते, सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये `Save selfies as previewed` या नावाने. शंका असेल तर हातात छापील अक्षरे असलेले काहीही धरून एक फोटो काढा. अक्षरे उलटी आली तर सगळे फोटो उलटे साठत आहेत.

हे इतके महत्त्वाचे का? महाराष्ट्रात पदर डाव्या खांद्यावर येतो आणि नथ डाव्या नाकपुडीत असते. सरळ फोटोत तुमची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसते. फोटो उलटा असेल तर ओढणी बघणाऱ्याच्या डावीकडे दिसेल, तुम्ही ती तशीच गिरवाल आणि पदर चुकीच्या खांद्यावर जाईल. काही जण पदर आठवणीने योग्य बाजूला काढतात, पण चेहरा उलटाच ठेवतात. मग भांग आणि तीळ दुसऱ्या बाजूला जातात. स्वतःला ते खटकत नाही, कारण आपण स्वतःला आरशातच पाहत आलो आहोत. पण हे चित्र इतरांनी पाहायचे आहे आणि त्यांनी तुम्हाला सरळ पाहिलेले आहे. उलटा फोटो असेल तर गॅलरीतच आडवा पलटवून घ्या आणि मगच पुढे जा.

## 3. कागद मांडा आणि गोल आखा

ॲपमध्ये 2000 × 2000 पिक्सेलचा चौकोनी कागद घ्या आणि फोटो नव्या थरावर आणा. फोटो आणताना ॲप विचारते की त्यातून रेखाचित्र काढून हवे का. नकार द्या. होकार दिला तर सावल्यांसकट राखाडी डागांचा गुंता मिळतो आणि अनेक जण तोच दुरुस्त करत बसतात.

आता वेगळ्या थरावर कागदाच्या चारही कडांना टेकणारे एक वर्तुळ आखा आणि ते शेवटपर्यंत ठेवा. चौकोनातून असे वर्तुळ कापले की चित्राचा पाचव्या भागाहून थोडा जास्त हिस्सा जातो, आणि तो सगळा कोपऱ्यांतून जातो. फेट्याचा तुरा किंवा आंबाड्यावरचा गजरा कापला जातो तो यामुळेच.

फोटो लहान-मोठा करून डोके असे बसवा की केसांचा माथा वरून साधारण 180 पिक्सेलवर आणि हनुवटी 1280 च्या आसपास येईल. म्हणजे डोके कागदाच्या अर्ध्याहून थोडे जास्त उंच होईल आणि खाली पदरासाठी पुरेशी जागा राहील. खांदे फोटोत असतात तेवढे रुंद ठेवले तर पदराची कड गोलाबाहेर जाते. शैलीदार चित्रात खांदे थोडे अरुंद केलेले चांगले दिसतात. दोन्ही खांद्यांची टोके मिळून 1350 पिक्सेलच्या आत बसवा. फोटोची पारदर्शकता 40 टक्क्यांवर आणा आणि तो थर कुलूपबंद करा.

तपासा: पदराचा खांदा बघणाऱ्याच्या उजवीकडे आहे ना? तो पूर्ण गोलाच्या आत आहे ना?

## 4. चेहरा गिरवा, पण सगळा नाही

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण फोटोत दिसणारी प्रत्येक रेघ काढतात: नाकापासून ओठापर्यंतच्या रेषा, डोळ्यांखालची घडी, एकेक दात. चित्रात वय पंधरा वर्षांनी वाढते. दुसरे काही जण तयार गोल डोळे आणि बटणासारखे नाक चिकटवतात, आणि मग ते चित्र कोणाचेही होऊ शकते.

साम्य चार गोष्टींत असते: भुवयांचा आकार आणि त्यांचे डोळ्यांपासूनचे अंतर, केसांची कपाळावरची कड, जबड्याची बाह्यरेषा, आणि दोन डोळ्यांतले अंतर. या चार गोष्टी फोटोवर अचूक गिरवा. भुवया विषम असतील तर विषमच ठेवा, चष्मा असेल तर त्याची चौकट मोजून काढा. बाकीचे सोपे करा. नाकाला खालची एक वळणदार रेघ आणि एका बाजूची छोटी कड पुरते. दात म्हणजे एकच पांढरा पट्टा. डोळे 15 ते 20 टक्के मोठे करा, पण त्यांची मधली जागा बदलू नका आणि बाहेरचे कोपरे ज्या तिरकेपणात आहेत तसेच राहू द्या.

`Dip Pen (Hard)` हा ब्रश घ्या आणि रेघ स्थिर करणारी `Stabilizer` ही सोय मध्यावर ठेवा. थरथरत्या बोटालाही त्यामुळे सरळ रेघ येते. रेघेची जाडी मात्र डोळ्यांना बरी वाटते म्हणून ठरवू नका, हिशेबाने ठरवा. चॅटच्या यादीतला गोल आजच्या बहुतेक फोनवर साधारण 150 पिक्सेलचा असतो. तुमचा कागद 2000 चा आहे, म्हणजे सगळे सुमारे तेरापट लहान होणार. 26 पिक्सेलची रेघ तिथे 2 पिक्सेल उरते, 6 पिक्सेलची रेघ नाहीशी होते. म्हणून चेहऱ्याची आणि खांद्यांची बाह्यरेषा 24 ते 28, आतल्या रेषा 14 ते 16. रंग शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या, चेहरा मऊ दिसतो.

थांबा: फोटोचा थर लपवा आणि फक्त रेषा पाहा. घरातल्या कोणाला तरी न सांगता दाखवा. ओळखले नाही तर डोळे आणि नाक सुधारत बसू नका. आधी जबडा आणि केसांची कड फोटोशी पुन्हा जुळवा, दोष बहुधा तिथेच असतो.

## 5. पोशाखाच्या रेषा स्वतंत्र थरावर

चेहरा आणि पोशाख एकाच थरावर काढू नका. उद्या पैठणी काढून साधा कुडता घालावासा वाटला तर चेहरा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

आधी ब्लाउजचा गळा काढा, मग त्यावरून पदर. ओढणीच्या चुण्या गिरवा, पण सात-आठ असतील तर तीनच घ्या. त्या खांद्यावर एकत्र आलेल्या आणि छातीवर खाली उतरताना जरा पसरलेल्या दिसल्या पाहिजेत. समांतर रेघा काढल्या तर पदर पट्ट्यासारखा दिसतो. पदराची वरची कड खांद्यावर शरीरापासून किंचित वर उचलून काढा, कापडाची जाडी तिथेच कळते.

आता काठ. पैठणीच्या फोटोतला काठ कापून चित्रावर चिकटवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. फोटोतला काठ सपाट असतो आणि तुमचा पदर वळलेला असतो, त्यामुळे तो चित्रावर लावलेल्या स्टिकरसारखा वेगळा पडतो. शिवाय त्यातली बारीक वीण लहान गोलात पूर्ण मिटते. त्याऐवजी नारळी काठ काढा, म्हणजे त्रिकोणांची सलग ओळ. काठाची रुंदी 130 पिक्सेल आणि प्रत्येक त्रिकोणाचा पाया 70 च्या आसपास ठेवा. लहान गोलात ते अनुक्रमे दहा आणि पाच पिक्सेलचे होतील, तरी काठ म्हणून वाचता येतील. चुणी जिथे वळते तिथे त्रिकोणही वळवा आणि चुणीच्या मागे गेलेला अर्धा त्रिकोण काढूच नका. वळण खरे वाटते ते यामुळेच. मोर काढायचा मोह होतो, पण या मापात त्याचा हिरवा-निळा ठिपका होतो. मोर हवाच असेल तर छातीवरच्या पदरात एकच, निदान 250 पिक्सेल उंच काढा.

## 6. रंग

थरांचा क्रम खालून वर असा ठेवा: पार्श्वभूमी, मागचे केस, चेहरा आणि मान, ब्लाउज, पदर, पुढचे केस, रेषा, आणि सगळ्यांत वर दागिने. केस दोन थरांत असण्याचे कारण साधे आहे. आंबाडा किंवा मोकळे केस मानेच्या मागे जातात आणि कपाळावरच्या बटा चेहऱ्याच्या पुढे येतात.

बादलीच्या साधनाने रंग भरताना तो बाहेर सांडला तर रेघेत कुठेतरी फट आहे. चित्र मोठे करून पदर मानेला भेटतो ती जागा आधी पाहा. रंग आणि रेघ यांच्यामध्ये पांढरी कड राहिली तर रंगाचा विस्तार दोन-तीन पिक्सेलने वाढवा.

कातडीचा रंग फोटोतल्या एकाच बिंदूवरून उचलू नका. गालावरचा बिंदू चमकेमुळे फिका असतो, हनुवटीखालचा सावलीमुळे काळपट. कपाळ, गाल आणि मान यांचे तीन रंग उचला आणि त्यांच्या मधला घ्या. आपल्याकडे इथे बहुतेक जण दोन छटा उजळ करतात. तसे करू नका. चित्रातली तुमची ओळख कातडीच्या रंगावरही उभी असते, आणि सावळ्या रंगावर जरी आणि मोती जास्त खुलतात.

आपल्या उदाहरणात कातडीला `#C68A5E` घेतला आहे. सावलीसाठी चेहऱ्याच्या थरावर नवा थर घ्या, `Clipping` चालू करा, म्हणजे रंग चेहऱ्याच्या बाहेर जाणार नाही. मिश्रणाचा प्रकार `Multiply` करा आणि `#D9B3A8` हा फिका तांबूस रंग लावा. दोन्ही मिळून `#A8613E` च्या जवळची उबदार तपकिरी सावली येते. काळ्या किंवा राखाडी रंगाने सावली दिली की चेहरा मळलेला दिसतो. सावली फोटोतल्या उजेडाप्रमाणे एकाच बाजूला द्या: नाकाच्या कडेला, हनुवटीखाली, पदराच्या चुण्यांच्या आत. कडा ठळक ठेवा, धूसर करू नका. कार्टूनचा बाज ठळक कडेतून येतो, आणि लहान आकारात धूसर सावली नुसती मळकट वाटते.

पदराला `#0F5B45`, ब्लाउजला `#7A1F35`, काठाला `#D9A520`. जरी चमकवण्यासाठी सगळ्या काठावर पांढरे ठिपके टाकू नका. चुणीच्या उंचवट्यावर, जिथे उजेड पडतो तिथेच, फिक्या पिवळ्याची एक जाड रेघ द्या.

## 7. नथ आणि टिकली

दागिने शेवटी काढायचे, आणि रेषांच्याही वर. नथ बघणाऱ्याच्या उजवीकडच्या नाकपुडीवर येते. खऱ्या नथीत बारीक मोती बरेच असतात, इथे पाच पुरे, प्रत्येक 40 पिक्सेलच्या आसपास, भोवती तपकिरी कड आणि मध्ये एक लाल खडा. मोत्यांचा वळसा नाकपुडीच्या कडेपासून सुरू होऊन वरच्या ओठाच्या कोपऱ्याकडे जातो. तो हवेत तरंगताना दिसत असेल तर सुरुवातीचा मोती नाकपुडीच्या रेघेवर अर्धा चढवा.

चंद्रकोरीची टोके वर असतात. ती दोन भुवयांच्या मधल्या रेषेच्या थोडी वर, चेहऱ्याच्या मध्यावर येते. मान जरा तिरकी असेल तर चंद्रकोरही तेवढीच तिरकी करा, नाहीतर ती कपाळावर न बसता चित्रावर ठेवल्यासारखी दिसते.

## 8. पार्श्वभूमी, तपासणी आणि साठवण

पार्श्वभूमी एकाच रंगाची ठेवा. काळ्या केसांमागे गडद रंग नको, आणि हिरव्या साडीमागे हिरवा नको. फिका जर्दाळू किंवा फिका गुलाबी चांगला दिसतो. पार्श्वभूमी मोकळी सोडून पारदर्शक चित्र चढवू नका. अनेक ठिकाणी पारदर्शक भाग काळा होतो आणि केस त्यात बुडून जातात.

साठवण्याआधी चित्र पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे होईपर्यंत लहान करा आणि हात लांब करून पाहा. तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: डोळे, पदराची तिरकी कड आणि नथ. नथ दिसत नसेल तर मोती मोठे करा, संख्या वाढवू नका. काठ दिसत नसेल तर त्रिकोण कमी आणि मोठे करा. मग चित्र एकदा राखाडी करून पाहा. मान आणि पदर सारखेच राखाडी दिसले तर साडी आणखी गडद करा.

आखलेले वर्तुळ लपवा, फोटोचा थरही लपवा. फोटो विसरून तसाच राहिला तर रंगांखालून खरा चेहरा पुसट दिसतो. चित्र पीएनजी म्हणून साठवा, कारण जेपेगमध्ये ठळक रेषांच्या भोवती डाग येतात. व्हॉट्सॲप चित्र चढवताना ते पुन्हा दाबते, म्हणून सुरुवातीची प्रत स्वच्छ असलेली बरी. चढवताना गोलाची चौकट पूर्ण चित्राएवढी ठेवा. तिथे चिमटीने मोठे केले तर पदराचा खांदा कापला जातो.

थरांसकटची मूळ फाइल ॲपमध्ये राहू द्या आणि पैठणीचे सगळे थर एका गटात ठेवा. पुढच्या वेळी पोशाख बदलायचा असेल तेव्हा तो गट लपवायचा आणि टप्पा 5 पासून सुरू करायचे. फेटा घालायचा असेल तर मात्र पुढच्या केसांचा थर लपवावा लागतो आणि डोके सुमारे 150 पिक्सेल खाली सरकवावे लागते, म्हणजे तुरा गोलात मावतो.